नवीन कंट्रोल पॅनलची एफएटी: लूप काढला, पण पुरावा कुठे आहे?

हिंगणा एमआयडीसीत पॅनल बनतो, बुटीबोरीला मशीनवर बसतो, आणि मधल्या दोन दिवसांत फॅक्टरी ॲक्सेप्टन्स टेस्ट उरकायची असते. नव्या इंजिनिअरच्या हातात जुना छापील फॉर्म दिला जातो. त्यावर साठ ओळी आणि प्रत्येक ओळीसमोर ‘ओके’चा चौकोन. आधीच सांगतो, त्या फॉर्मवर सही करून काहीच सिद्ध होत नाही. सहा महिन्यांनी मशीनवर काही घडलं की ‘ओके’ म्हणजे नेमकं काय मोजलं होतं, हे कुणालाच सांगता येत नाही, सही करणाऱ्यालाही नाही.

पीएलसी, व्हीएफडी, कॉन्टॅक्टर तुम्हाला माहीत आहेत असं धरतो. उदाहरणाला एक साधा पॅनल घेऊ: पोती भरायचं मशीन आणि त्यापुढचा कन्व्हेयर. तीन मोटारी, त्यातली एक ५.५ किलोवॅटच्या व्हीएफडीवर. कंट्रोल सप्लाय २४ व्होल्ट डीसी. दोन इमर्जन्सी स्टॉप आणि एक गार्डचा दरवाजा दोन चॅनलने, म्हणजे दोन स्वतंत्र वायरिंगच्या वाटांनी, सेफ्टी रिलेवर आहेत. रिलेच्या पुढे के१ आणि के२ असे दोन कॉन्टॅक्टर, दोघांचे मेन कॉन्टॅक्ट मोटारींच्या सप्लायच्या वाटेत मालिकेत.

क्रम ठरलेला आहे आणि तो मोडू नका: आधी ड्रॉइंगशी जुळवणी, मग सप्लाय बंद असतानाच्या चाचण्या, मग पॉवर, मग एकेक इनपुट-आउटपुट, मग मशीनचा क्रम, शेवटी सेफ्टी आणि मुद्दाम बिघाड. ग्राहकाचा माणूस येण्याआधी हे सगळं एकदा शॉपमध्येच पूर्ण झालेलं हवं. साक्षीच्या दिवशी चुका शोधायला बसलात, तर दुपारी तीननंतर सगळ्यांचं लक्ष परतीच्या गाडीकडे जातं आणि सेफ्टी नेमकी तेव्हाच उरलेली असते.

सप्लाय बंद असतानाच्या चाचण्या मशीनच्या विद्युत भागाचं मानक आयईसी ६०२०४-१ प्रमाणे घ्या. इन्सुलेशन ५०० व्होल्ट डीसीवर, पॉवर सर्किट आणि अर्थ यांच्यामध्ये, किमान १ मेगाओहम. त्याआधी व्हीएफडी, एसएमपीएस आणि सर्ज प्रोटेक्टर सोडवून ठेवा आणि कोणत्या तारा सोडवल्या ते लिहा. नाहीतर रीडिंगही खोटं येईल आणि एखादं यंत्रही जाईल. फॉर्मवर ‘१ पेक्षा जास्त’ असं लिहू नका, आकडा लिहा. नव्या कोरड्या पॅनलमध्ये ३ मेगाओहम आले तर नियमाने तो पास आहे, पण काहीतरी जोडलेलं राहिलंय किंवा ओल आहे हे त्या आकड्यावरूनच कळतं. अर्थ बाँडिंगला खिशातला मल्टिमीटर चालत नाही, कारण तो ओहम मोजताना फार तर काही मिलिअँपिअर सोडतो. किमान ०.२ अँपिअर सोडणारा टेस्टर घ्या. दरवाजा, ग्लँड प्लेट आणि माउंटिंग प्लेट मुख्य अर्थ टर्मिनलपासून वेगवेगळी मोजा. रंगाखाली बसलेला वॉशर हा नेहमीचा गुन्हेगार.

इनपुट-आउटपुटबद्दल एवढंच: इनपुट बाहेरच्या टर्मिनलवरून द्या, कार्डावरून नाही, आणि एचएमआयवर योग्य नाव पेटतं का बघा. आउटपुटला रिलेचा ‘टक्’ आवाज हा पुरावा नाही. बाहेर जाणाऱ्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. ४-२० मिलिअँपिअरच्या सिग्नलला ४, १२ आणि २० असे तीन बिंदू तरी द्या. ०-१० बारच्या ट्रान्समीटरला १२ वर ५ बार दिसायलाच हवेत. मग तार काढून अलार्म येतो का ते बघा. हा भाग कंटाळवाणा आहे, पण अवघड नाही. घाबरू नका, दोन जण असले की अर्ध्या दिवसात होतो.

आता ज्यात चांगले चांगले फसतात ते. सावकाश वाचा.

सेफ्टी रिले के१ आणि के२ यांना उचलतो. दोघांचा एकेक एनसी कॉन्टॅक्ट, २१-२२, मालिकेत घेऊन रिसेटच्या वाटेत जोडलेला असतो. याला फीडबॅक सर्किट म्हणतात. के१ चा मेन कॉन्टॅक्ट चिकटला तर त्याचा एनसी बंद होत नाही, वाट तुटलेली राहते आणि रिले पुढचा रिसेट नाकारतो. के१ चिकटलाय हे सांगणारी व्यवस्था या पॅनलमध्ये एवढीच आहे. कारण के१ चिकटला तरी के२ सुटतो, मोटार थांबते आणि कुणालाच काही जाणवत नाही. पुढे कधीतरी के२ ही चिकटला, की इमर्जन्सी स्टॉप दाबून मोटार थांबत नाही.

पॅनल बनताना टेस्टिंगवाल्याला पीएलसी प्रोग्रॅम लवकर चालवून बघायचा असतो. कॉन्टॅक्टरची ऑक्झिलरी वायरिंग राहिलेली असते, म्हणून तो फीडबॅकच्या दोन टर्मिनलवर तारेचा लूप टाकतो. पुढे वायरिंग पूर्ण होते, लूप तसाच राहतो. एफएटीत तुम्ही इमर्जन्सी स्टॉप दाबता, के१ आणि के२ दोन्ही सुटतात, मोटार थांबते, एचएमआयवर लाल पट्टी येते, बटण सोडून रिसेट केलं की पुन्हा चालू. सगळं बरोबर. दोनशे वेळा दाबलंत तरी बरोबरच येणार, कारण चांगल्या कॉन्टॅक्टरवर लूप असला काय आणि नसला काय, वागणूक तीच. बटण दाबण्याच्या चाचणीत ही चूक दिसूच शकत नाही. ती दिसायला बिघाड मुद्दाम घडवावा लागतो.

तो असा घडवा. मेन सप्लाय बंद करून कुलूप लावा. के१ च्या २१ वरची तार काढून तिच्या टोकाला टेप लावा. सप्लाय द्या, दोन्ही स्टॉप बटणं सोडलेली आणि दरवाजा बंद आहे याची खात्री करा आणि रिसेट दाबा. रिलेवर दोन्ही चॅनलचे दिवे लागले पाहिजेत, पण के१ आणि के२ उचलता कामा नयेत. के१ च्या कॉइलवर, ए१-ए२ मध्ये, ० व्होल्ट मोजा आणि लिहा. पुन्हा सप्लाय बंद, तार परत, सप्लाय, रिसेट: आता कॉइलवर २४ व्होल्ट यायला हवेत. तो आकडाही लिहा, कारण नुसतं ‘उचललं नाही’ याला फ्यूज गेला असला तरी तेच उत्तर मिळालं असतं. मग हीच कसरत के२ वर. एकावर करून भागत नाही. दोन्ही तारा चुकून के१ च्याच कॉन्टॅक्टवर गेलेले पॅनल असतात.

तार काढलेली असताना कॉन्टॅक्टर उचलला, तर सप्लाय बंद करून फीडबॅकच्या दोन टर्मिनलमध्ये ओहम मोजा. शून्याजवळ दाखवलं तर लूप आहे. तो मिळाला की वायरमनवर ओरडण्याआधी ड्रॉइंग बघा. बऱ्याचदा डिझाइनवाल्याने जुन्या, एकाच कॉन्टॅक्टरच्या पॅनलचं पान उचलून लावलेलं असतं आणि लूप ड्रॉइंगमध्येच असतो. मग वायरमन बरोबर आणि ड्रॉइंग चूक. आणखी एक: तो एनसी मिरर कॉन्टॅक्ट आहे का, हे कॉन्टॅक्टरच्या डेटाशीटवर तपासा. साधा ऑक्झिलरी ब्लॉक मेन कॉन्टॅक्ट चिकटलेला असतानाही एनसी बंद दाखवू शकतो, आणि तार काढायच्या चाचणीत हा फरक कळत नाही.

चॅनलची चाचणी याच शिस्तीने. एका चॅनलची तार काढली की दोन्ही कॉन्टॅक्टर सुटले पाहिजेत. फक्त तीच तार परत लावून रिसेट केलं तर दोन चॅनल तपासणारा रिले उचलणार नाही. बटण पूर्ण दाबून सोडल्यावरच उचलेल. याचं उलट रूप ओळखून ठेवा. साध्या इमर्जन्सी स्टॉपनंतर रिसेट होत नाही, पण कंट्रोल सप्लाय बंद-चालू केल्यावर होतो, तर दुसऱ्या चॅनलवर लूप असण्याची दाट शक्यता आहे. ‘साहेब, एकदा एमसीबी बंद-चालू करा, होऊन जाईल,’ हे वाक्य ऐकलं की तिथेच थांबा. शेवटी रिसेट बटण दाबून धरा आणि मग स्टॉप सोडा. धरून ठेवलेल्या रिसेटने काही उचलता कामा नये, आणि रिसेटने मशीन आपोआप सुरूही होता कामा नये.

आता पुरावा. प्रत्येक चाचणीच्या ओळीत ड्रॉइंगचं पान, टर्मिनल, काय केलं, काय अपेक्षित होतं, काय मोजलं, मीटरचा सिरियल नंबर, वेळ आणि दोन सह्या. वरची चाचणी अशी उतरते: ‘पान १४, के१ चा २१ सोडवला, रिसेट दाबला, कॉइलवर ०.० व्होल्ट, तार परत, रिसेट, २३.९ व्होल्ट.’ सोबत एक सलग व्हिडिओ, ज्यात पॅनलची नेमप्लेट, सुटलेली तार आणि मीटर एकाच फ्रेममध्ये येतात. तुकड्यांचे व्हिडिओ नकोत, मधे काय झालं हा वाद होतो. मीटरचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट फाइलमध्ये ठेवा. पीएलसी आणि एचएमआय प्रोग्रॅमची आवृत्ती आणि व्हीएफडीची पॅरामीटर फाइल त्याच दिवशी जपा. संध्याकाळी कुणी प्रोग्रॅम बदलला, तर सकाळच्या चाचण्या कोणत्या प्रोग्रॅमवर झाल्या हे दाखवता आलं पाहिजे.

आणि लूपची वही. टेस्टिंगला लूप लाल तारेचेच वापरा, प्रत्येकाला क्रमांकाची चिठ्ठी, वहीत कुठे टाकला आणि कधी काढला. सात दिले तर सात परत मोजून घ्या. ‘भाऊ, सगळे काढले ना?’ ‘हो काढले’ हा पुरावा नव्हे. याबाबतीत माझं मत ठाम आहे: नव्या माणसाने शिकायचं ते पॅनल वायर करणाऱ्या जुन्या वायरमनकडून. फॉर्म कसा भरायचा ते ऑफिसात कुणीही सांगेल, लूप कुठे राहतो ते त्यालाच माहीत असतं.

नागपूरसाठी एक जोड. आयईसी ६०२०४-१ साधारण ४० अंशांपर्यंतचं बाहेरचं तापमान गृहीत धरतं. इथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. जानेवारीत शॉपमध्ये २६ अंश असताना पॅनल दोन तास चालवलात आणि आत वरच्या भागात ३९ आले, तर वाढ १३ अंशांची. मेमध्ये शेडमध्ये ४६ असतील तर आत ५९. त्या तापमानाला व्हीएफडी आणि एसएमपीएस किती लोड देतात ते डेटाशीटच्या डीरेटिंग आलेखावर बघा. एफएटीत मोटारींवर खरा लोड नसतो, म्हणून प्रत्यक्ष वाढ याहून जास्त धरा आणि अहवालात बाहेरचं आणि आतलं अशी दोन्ही तापमानं लिहा.

राहिलेल्या त्रुटी पंच लिस्टमध्ये तीन गटांत जातात: पाठवण्याआधी, साइटवर चालू करण्याआधी, आणि नंतर चालेल असं. सेफ्टीची कोणतीही त्रुटी पहिल्या गटात, गाडी दारात उभी असली तरी. ती दुरुस्त करताना ज्या तारेला हात लागला तिच्या सर्किटची सगळी चाचणी पुन्हा होते आणि तिला नवीन ओळ मिळते. जुनी ओळ खोडायची नाही. बुटीबोरीला पोचल्यावर टर्मिनल पुन्हा घट्ट करून फील्डची खरी स्टॉप बटणं जोडली, की फीडबॅकच्या आणि चॅनलच्या चाचण्या त्याच फॉर्मवर पुन्हा घ्यायच्या. म्हणून भरलेल्या फॉर्मची एक प्रत आणि लाल पेनाने दुरुस्त केलेलं ड्रॉइंग पॅनलच्या दरवाजातल्या खिशात घालूनच पॅनल रवाना करा.