ऑडिटची एनसी शॉपफ्लोअरसाठी मराठीत लिहिताना

समजा आयएसओ ९००१ च्या ऑडिटमध्ये एनसी, म्हणजे नियमाशी न जुळणारी गोष्ट सापडल्याची नोंद, आली की फायनल इन्स्पेक्शनच्या मायक्रोमीटरची कॅलिब्रेशन ड्यू डेट उलटून गेलीय, क्लॉज ७.१.५.२. आता हे मराठीत करताना 'मापन उपकरणांत त्रुटी आढळली' असलं गुळमुळीत लिहू नका, ऑपरेटरला त्यातून काहीच कळत नाही. नियम काय, काय दिसलं, कुठे चुकलं हे सरळ लिहा, आणि क्लॉज नंबर, मायक्रोमीटरचा आयडी, तारीख जशीच्या तशी ठेवा.

खरा घोळ पुढे होतो. करेक्शन आणि करेक्टिव्ह ॲक्शन दोन्हीला 'सुधारणा' लिहिलं की लोक मायक्रोमीटर लॅबला पाठवतात आणि एनसी क्लोज झाली म्हणतात. पहिल्याला 'लगेच केलेली दुरुस्ती' म्हणा: मायक्रोमीटर बाजूला काढला, कॅलिब्रेट केला, आउट निघाला तर त्याने मोजलेला माल परत तपासला (हे हमखास राहतं!). दुसऱ्याला 'पुन्हा होऊ नये म्हणून केलेला बदल', म्हणजे ड्यू डेट एकाच माणसाच्या लॅपटॉपमध्ये होती, तो रजेवर गेला आणि कोणालाच कळलं नाही, म्हणून आता यादी क्यूसी टेबलवर लावली आणि महिनाभर आधी बघायची जबाबदारी सुपरवायझरला दिली. 'कामगारांना सूचना दिल्या' एवढंच लिहिलं तर ऑडिटर बहुतेक परत पाठवतो.