मजकूर मवाळ करताना अर्थ निसटू देऊ नका

एकाच वाक्याची दोन पुनर्लेखने समोर ठेवून ‘यातले कोणते घेऊ?’ असे विचारणारे बहुतेक जण दोन्ही मजकूर मोठ्याने वाचतात आणि कानाला गोड लागेल तो उचलतात. दोन्हींचा अर्थ खरोखर एकच आहे का, हे आधी तपासण्याचा धीर त्यांच्याकडे नसतो, आणि पुढचा बहुतेक घोटाळा या घाईतूनच होतो.

एका प्रशिक्षणवर्गाच्या नोंदणीपत्रात मूळ वाक्य होते : ‘आपले शुल्क अद्याप प्राप्त झालेले नाही, ते 31 तारखेपर्यंत भरावे, अन्यथा नोंदणी रद्द होईल.’ हे फार कोरडे वाटते म्हणून कोणीतरी ते असे केले : ‘तुमचं शुल्क अजून आलेलं नाही. 31 तारखेपर्यंत भरलंत, तर आम्हाला नोंदणी पक्की करायला मदत होईल.’ आयोजकांनी दुसरे वाक्य क्षणात पसंत केले. परिणामी मुदत टळल्यावर अनेकांनी पैसे पाठवले आणि नोंदणी रद्द झाल्याचे कळताच, ‘तुम्ही तर फक्त मदत मागितली होती,’ असे सुनावले. त्यांचे म्हणणे रास्तच होते, कारण नव्या वाक्यात बंधन उरले नव्हते आणि नोंदणी रद्द होण्याची सूचनाही गळाली होती. तारीख तेवढी जागेवर होती, आणि ती दिसल्यामुळेच सर्वांना अर्थ शाबूत असल्याचा भास झाला.

म्हणून मी दोन्ही मजकुरांसाठी कागदावर चारच गोष्टी लिहून काढते : कोणी करायचे, काय करायचे, केव्हापर्यंत आणि न केल्यास काय. त्या जुळल्याखेरीज सुराची चर्चा मी होऊच देत नाही. वरच्या वाक्याचा आपलेपणा राखून अर्थही वाचवायचा, तर ‘तुमचं शुल्क अजून आमच्याकडे पोहोचलेलं नाही. ते 31 तारखेपर्यंत भरा. तोपर्यंत ते आलं नाही, तर आम्हाला तुमची नोंदणी रद्द करावी लागेल,’ एवढे पुरते.

दुसरी चूक म्हणजे औपचारिक तेवढे थंड आणि अनौपचारिक तेवढे आपुलकीचे, असे समजणे. ‘पैसे आले नाहीत, लगेच भर’ यात औपचारिकता नाही आणि जिव्हाळाही नाही. उलट ‘आपल्याला दोनदा यावे लागले, याबद्दल आम्ही दिलगीर आहोत’ हे वाक्य पूर्ण औपचारिक असूनही ऊबदार आहे, कारण त्यात समोरच्याला नेमका कोणता त्रास झाला याची दखल आहे. त्यामुळे औपचारिकता वाचकाशी असलेल्या नात्यावरून ठरवावी आणि जिव्हाळा प्रसंगावरून. नकार कळवताना अनोळखी माणसाशी उगाच सलगी केली, तर ती टोचते.

प्रत्येक वाक्याला ‘कृपया’ चिकटवल्याने सूर बदलत नाही.

दोन पर्यायांतले अर्धे-अर्धे जोडून तिसरा करणे हा तर घाईचा कळस आहे, कारण मग ‘आपण’ने सुरू झालेले पत्र तिसऱ्या ओळीत ‘तुम्ही’वर येते. निवडलेले वाक्य मागच्या-पुढच्या परिच्छेदांसह वाचावे. तिथे ते खटकले, तर नाकारलेला पर्याय त्या जागी ठेवून पाहावा.