पंचम नसलेल्या सप्तकात सा शोधू नका

फ्रेंच संगीतकार क्लोद देब्युसीची ‘व्वाल’ ही पियानोवरची जेमतेम चार मिनिटांची रचना ऐकायला शिकताना माझी दोन वर्षं गेली, आणि ती एकाच चुकीत गेली. तुमचा कान हिंदुस्थानी संगीतावर वाढला असेल तर तुम्हीही तीच चूक कराल, म्हणून आधी तीच सांगते.

पेटी पुढ्यात घ्या. पांढरी एक, दोन, तीन, मग काळी तीन, चार, पाच, आणि वरची पांढरी एक. दर वेळी मधली एकच पट्टी सुटते. पांढरी एकला सा मानलं तर हे सा, रे, ग, तीव्र म, कोमल ध, कोमल नी. पंचम नाही, शुद्ध मध्यमही नाही. हीच होल-टोन स्केल. १९०९ साली लिहिलेली ‘व्वाल’ जवळजवळ सगळी याच सहा सुरांत आहे.

मी काय केलं? हा पंचम वर्ज्य असलेला एखादा राग आहे असं धरून खाली तानपुरा लावला. आधी पांढरी एकचा. बेसूर वाटलं. मग लक्षात आलं, की खर्जात काळी पाच पुन्हा पुन्हा वाजतेय. म्हणजे हाच सा! तानपुरा तिथे आणला. तरीही वरची सुरावट त्या साकडे यायला तयार नाही. दोष माझ्या कानाचा आहे असंच मी समजत राहिले.

दोष कानाचा नव्हता. भूपाच्या सुरांत सा हलवून मूर्च्छना केली की मालकंस मिळतो, दुर्गा मिळतो, कारण सुरांमधली अंतरं लहानमोठी आहेत. होल-टोनमध्ये सा कुठेही हलवा, तेच सूर परत येतात. सहाही अंतरं सारखी असल्यामुळे कोणता सूर घरचा हे ओळखायची खूणच उरत नाही. त्यात कुठल्याही सुराला त्याचा पंचम नाही, त्यामुळे खर्ज कितीही वेळा वाजला तरी त्याला आधार मिळत नाही. आणखी एक: ही समान अंतरं पेटी-पियानोच्या समविभागी जुळणीतच नीट बसतात. तानपुऱ्यातल्या नैसर्गिक गंधारावर गंधार असे तीन चढवले तर वरचा सा थोडक्यात हुकतो. म्हणजे तानपुरा लावून मी स्वतःच जास्तीचा बेसूर तयार करत होते. कृपा करून तो बंद ठेवा.

आता विसंवाद. इथे घाबरू नका, हा भाग हातानेच कळतो. पांढरी चार आणि पांढरी सात एकत्र दाबा. ताण जाणवेल. आता चारवरून तीनवर या आणि सातवरून वरच्या पांढरी एकवर जा. ताण सुटला. दोन्ही सूर अगदी शेजारच्या पट्टीवर सरकले. पाश्चात्त्य हार्मनी कित्येक पिढ्या याच हालचालीवर उभी होती: विसंवाद आणायचा तो सोडवण्यासाठी.

हेच अंतर होल-टोनमध्ये घ्या, पांढरी एक आणि काळी तीन. ताण तोच. पण सोडवायला शेजारची पट्टीच या सुरावटीत नाही. दोन्ही सूर आत आणले तर पांढरी दोन आणि तीन, म्हणजे अगदी चिकटलेली जोडी. बाहेर नेले तरी ताण राहतोच. देब्युसीने विसंवाद वाढवला नाही, त्याची सुटकेची वाट काढून घेतली. म्हणून ‘व्वाल’ कर्कश न होता तरंगते.

मध्यानंतर सहा मात्रा-खंडांपुरती ती फक्त पाच काळ्या पट्ट्यांवर येते. काळी तीनचा भूप म्हणा, काळी दोनची धानी म्हणा. तिथे कान एकदम ताजा होतो, आणि पुन्हा होल-टोन आली की फरक स्वच्छ कळतो. मी नवख्यांना आधी हीच जागा ऐकायला सांगते. दहा मिनिटांत आधुनिक संगीत समजावणारे व्हिडिओ मला कधीच उपयोगी पडले नाहीत. त्यांत संज्ञा मिळतात, हात पेटीवर जात नाही. माझ्या एका शिक्षकांनीही दोन वर्षं फक्त संज्ञाच दिल्या. पेटी वाजवून दाखवणारा गुरू मिळाला तर त्याला सोडू नका.

यानंतर लगेच ऑस्ट्रियन संगीतकार शोएनबर्गकडे धावू नका. त्याच्या दुसऱ्या स्ट्रिंग क्वार्टेटचा (१९०८) शेवटचा भाग बाराही सुरांत फिरतो, तिथे शेजारचे सूर भरपूर आहेत आणि तरीही बराच वेळ ताण सुटत नाही. ते ऐकणं खरंच अवघड आहे. मला अजून जातं. पण ‘व्वाल’ आठवडाभर रोज ऐकून, शेवटी पांढरी एक आणि तीन एकत्र वाजतात तिथे थांबा. एरवी ज्या जोडीवर ताण सुटतो तीच ही जोडी, आणि इथे तिच्यावरही घरी आल्यासारखं वाटत नाही. हे तुमच्या कानाला जाणवलं की तो क्वार्टेट लावा.