डेटा फुटल्याची सूचना ग्राहकाला कळेल अशी पुन्हा कशी लिहावी

समजा, एका ऑनलाइन दुकानाच्या सूचनेचा मसुदा असा आहे: ‘आमच्या प्रणालीत अनधिकृत प्रवेशाची घटना निदर्शनास आली असून काही ग्राहकांच्या माहितीवर परिणाम झालेला असू शकतो. आपली सुरक्षितता हीच आमची प्राथमिकता आहे.’ हे वाचून ग्राहकाने नेमकं करायचं काय?

आधी दुसरं वाक्य काढून टाका. मग तपास करणाऱ्या टीमकडून चार गोष्टी लिहून घ्या: कधीपासून कधीपर्यंत, कुठून, काय गेलं आणि आपल्याला कधी कळलं. आता पहिलं वाक्य असं होईल: ‘३ ते ९ मार्च या काळात एका अनोळखी व्यक्तीने आमच्या ऑर्डरच्या डेटाबेसची प्रत काढून घेतली. हे आम्हाला १२ मार्चला कळलं. त्या प्रतीत तुमची माहिती आहे.’ ज्यांची माहिती गेल्याची खात्री आहे, त्यांना ‘असू शकतो’ लिहू नका. ते वाचून माणूस आपण त्यात नसू असं धरून चालतो आणि मेल बंद करतो.

पुढे काय गेलं ते एकेक करून सांगा. ‘वैयक्तिक माहिती’ या शब्दात फोन नंबरही येतो आणि जन्मतारीखही, पण दोन्हींचा धोका वेगळा. आपल्या उदाहरणात नाव, फोन, पत्ता, जुन्या ऑर्डर आणि पासवर्डचे हॅश, म्हणजे पासवर्डऐवजी साठवलेली त्यापासून गणिताने बनवलेली अक्षरांची ओळ, हे सगळं गेलं. कार्ड नंबर गेले नाहीत, कारण ते त्या डेटाबेसमध्ये साठवलेच जात नव्हते. हे कारणही लिहा, नुसत्या ‘गेले नाहीत’वर कोण विश्वास ठेवील?

सगळ्यात जास्त चूक पासवर्डच्या ओळीत होते. हॅशला ‘एन्क्रिप्टेड’ म्हटलं की लोक निर्धास्त होतात. लिहा: ‘पासवर्ड जसेच्या तसे नव्हते, पण सोपा पासवर्ड त्यावरून शोधून काढता येतो.’

मग प्रत्येक गोष्टीला तिची कृती जोडा. पासवर्डसाठी: ‘इथला पासवर्ड बदला, आणि तोच दुसरीकडे, विशेषतः ईमेलला, वापरला असेल तर तिथलाही बदला.’ फोन आणि ऑर्डरसाठी: ‘तुमच्या खऱ्या ऑर्डरचा उल्लेख करून कुणी रिफंडसाठी ओटीपी मागितला तर देऊ नका. आम्ही तो फोनवर कधीच मागत नाही.’ लॉगिनची लिंक मात्र देऊ नका; या मेलची नक्कल करून खोटी लिंक पाठवणं फार सोपं असतं. पत्ता स्वतः टाइप करून साइट उघडायला सांगा.

‘गैरवापराचा पुरावा आढळलेला नाही’ हे वाक्य ठेवण्याआधी लॉग, म्हणजे प्रणालीत कुणी कधी काय केलं याच्या नोंदी, तपासा. लॉग ६ मार्चपासूनचेच असतील, तर त्याआधीचं काही सांगता येत नाही, हे तसंच लिहा.

शेवटी मसुदा टीमबाहेरच्या एखाद्याला दोन मिनिटं वाचायला द्या, परत घ्या आणि विचारा: काय झालं, तुझं काय गेलं, आता पहिलं काय करशील? ज्या प्रश्नाला तो अडखळेल, तो परिच्छेद पुन्हा लिहा.