के-ड्रामा पाहताना या चुका टाळा: कोण कोणाला काय म्हणतंय?

नव्या प्रेक्षकाची पहिली चूक म्हणजे फक्त सबटायटल्स वाचणं. इंग्रजी सबटायटलमध्ये बऱ्याचदा संबोधनाच्या जागी नुसतं नाव येतं, आणि नात्याची निम्मी माहिती तिथेच गळते. मूळ कोरियन आवाज ठेवा आणि कान उघडे ठेवा.

२००९ मधली 'बॉइज ओव्हर फ्लॉवर्स' घ्या. गू जुन-प्यो हा शिनह्वा समूहाचा वारस, तर युन जी-हू हा सेकंड लीड, म्हणजे नायिकेवर प्रेम करणारा दुसरा नायक. दोघंही नायिका गुम जान-दीच्या वरच्या वर्गात आहेत. जी-हूला ती 'जी-हू सनबे' म्हणते. सनबे म्हणजे शाळेतला किंवा कामावरचा सीनियर. त्याच्याशी बोलताना तिच्या वाक्यांच्या शेवटी आदराचा 'यो' येतो. जुन-प्योला मात्र ती आडनावासकट 'गू जुन-प्यो!' अशी हाक मारते आणि सरळ अरे-तुरेवर येते. ज्याच्यापुढे अख्खी शाळा झुकते, त्याला ती जुमानत नाही, हे त्या हाकेतच कळतं. जी-हूबद्दल तिला ओढ आहे, पण त्या आदरात अंतरही आहे. सेकंड लीड मागे का पडतो, याची एक खूण इथे ऐकू येते. तो वाईट नसतो, उलट बहुतेकदा जास्त समजूतदार असतो. म्हणूनच प्रेक्षक हळहळतात. 'चांगला आहे म्हणजे हाच जिंकणार' असं धरून बसू नका.

दुसरी चूक 'ओप्पा'ची. ओप्पा म्हणजे प्रियकर नव्हे. मुलगी मोठ्या भावालाही ओप्पा म्हणते आणि जवळच्या मोठ्या मित्रालाही. मुलगा मोठ्या भावाला किंवा मित्राला ह्योंग म्हणतो. त्यामुळे हा शब्द ऐकताच प्रेम जमलं असं समजू नका. कालपर्यंत नावापुढे आदराचा 'श्शी' लावून बोलणारी आज ओप्पा म्हणू लागली, तर मात्र तो बदल टिपण्यासारखा आहे. 'श्शी' पूर्ण नावाला किंवा पहिल्या नावाला लागतो. समोरच्याला नुसतं 'किम श्शी' म्हटलं तर ते कमी लेखल्यासारखं वाटतं. वरिष्ठांना नावाने नव्हे, हुद्द्याला 'निम' जोडून हाक मारतात. उदाहरणार्थ, अध्यक्षाला 'ह्वेजांगनिम'.

वारसाला नुसता श्रीमंत मुलगा समजू नका. चेबोल म्हणजे एका घराण्याच्या ताब्यातला उद्योगसमूह. वारसाच्या लग्नावर समूहाची सत्ता आणि युती अवलंबून असते, म्हणून जुन-प्योची आई जान-दीला इतका कडवा विरोध करते. अशा घरात मुलगाही कर्मचाऱ्यांसमोर वडिलांना 'ह्वेजांगनिम' म्हणताना दिसतो. तोच घरात 'आबोजी', म्हणजे बाबा, म्हणाला, तर बाप-लेकाचं बोलणं चाललंय असं समजा.

सुरुवातीला एवढं करा: दोन पात्रं पहिल्यांदा भेटली की त्यांची संबोधनं ऐका. सबटायटलमध्ये नाव दिसलं पण कानावर वेगळं काही पडलं, तर १० सेकंद मागे जाऊन पुन्हा ऐका. पुढच्या भागांत तीच हाक बदलली की काहीतरी घडलंय.