ब्रेकनंतरचा सीव्ही: गॅप सांगताना या चुका टाळा

ब्रेकनंतर परतणारे लोक सीव्ही तपासायला देताना हमखास विचारतात, "गॅप फार दिसतोय का हो?" दिसतोच. वाचणाऱ्याची नजर आधी शेवटच्या नोकरीवर आणि तिच्या तारखांवर जाते. गॅपपेक्षा त्याला जास्त खटकतं ते हे, की हिशेब त्यालाच करायला लावलाय.

एक उदाहरण घेऊ. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये १२ वर्षं काम केलेला टेस्ट लीड. जानेवारी २०२१ मध्ये वडिलांच्या आजारपणामुळे नोकरी सोडली आणि २०२५ च्या मध्यावर परत काम शोधायला लागला.

महिने गाळणं

त्याने शेवटची नोकरी "२०१६ – २०२१" अशी लिहिली. वाचणारा धरून चालतो की २०२१ चं बरंचसं वर्ष कामात गेलं असेल. अर्जाच्या फॉर्ममध्ये मात्र महिना भरावाच लागतो, आणि जुन्या कंपनीच्या पत्रावर जानेवारी असतो. गॅप कुणी माफ करेल, पण ही तफावत माफ करणार नाही. सीव्ही, लिंक्डइन प्रोफाइल आणि भरलेला फॉर्म शेजारी शेजारी ठेवून महिने जुळवा. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या नोकऱ्यांना नुसती वर्षं दिली तरी चालतं. शेवटच्या दोन-तीन नोकऱ्यांना नाही.

तारखा झाकायला काही जण सगळा अनुभव "कौशल्यं" या मथळ्याखाली ओततात आणि कंपन्यांची नावं शेवटी टाकतात. मग "ऑटोमेशन" हे काम २०११ चं की २०२० चं, तेच कळत नाही. नोकऱ्या तारखेच्या क्रमानेच ठेवा आणि ब्रेकलाही त्याच क्रमात स्वतःची नोंद द्या. लिंक्डइनने २०२२ पासून प्रोफाइलमध्ये अशा नोंदीची सोय दिली आहे, त्यामुळे ती कुणाला विचित्र वाटत नाही.

कारणाचा निबंध

त्याचं मूळ वाक्य असं होतं: "काही अपरिहार्य कौटुंबिक कारणांमुळे नोकरी सोडावी लागली, मात्र या काळात संयम, वेळेचं नियोजन आणि संकट व्यवस्थापन ही कौशल्यं विकसित झाली." यात माफीही आहे आणि फुगवणंही. आजारी माणसाची सेवा ही "प्रोजेक्ट मॅनेजमेंट" म्हणून विकलेली बघितली की मला तर अवघडल्यासारखंच होतं. बदलून असं केलं:

"करिअर ब्रेक, फेब्रुवारी २०२१ – जून २०२५. घरातील ज्येष्ठांची पूर्णवेळ शुश्रूषा. ही जबाबदारी आता संपली असून पूर्णवेळ कामासाठी उपलब्ध."

शेवटचं वाक्य गाळू नका. पुन्हा मध्येच सोडून जाणार का, ही शंका वाचणाऱ्याच्या मनात असते आणि तोंडावर ती क्वचितच विचारली जाते. कारण स्वतःचं आजारपण असेल तर "आरोग्याच्या कारणास्तव, आता पूर्ण बरे" इतकं पुरे. निदान लिहायची गरज नाही.

एकही क्लायंट नसताना ब्रेकला "स्वतंत्र सल्लागार" म्हणणं तर टाळाच. मुलाखतीत पुढचा प्रश्न "कुणासाठी?" हाच येतो. दोन महिने खरंच काम केलं असेल तर ते त्याच दोन महिन्यांच्या तारखांसह वेगळं लिहा.

आजची तयारी न दाखवणं

अनुभवी माणसाचा सीव्ही बहुतेक वेळा इथे मार खातो. आमच्या टेस्ट लीडच्या यादीत सगळ्यात वर होतं "सेलेनियम, पायथन". सेलेनियम हे ब्राउझरमधल्या टेस्ट आपोआप चालवण्याचं साधन. पण त्याची चौथी आवृत्ती, सेलेनियम ४, आली ऑक्टोबर २०२१ मध्ये, म्हणजे त्याने नोकरी सोडल्यावर. त्याने नमुना म्हणून सार्वजनिक कोडची लिंक दिली होती आणि त्यात ही ओळ होती:

```python
driver.find_element_by_id("login")
```

ही पद्धत २०२२ मध्ये, ४.३ आवृत्तीत, काढून टाकली गेली. नव्या आवृत्तीवर हा कोड चालतच नाही. आता असं लिहितात:

```python
from selenium.webdriver.common.by import By

driver.find_element(By.ID, "login")
```

या कामातला माणूस ती एक जुनी ओळ बघून ओळखतो की हात कधी थांबला. म्हणून सीव्ही पाठवण्याआधी जुने नमुने आजच्या आवृत्तीवर चालवून बघावेत, चालत नसतील तर दुरुस्त करावेत किंवा लिंक काढावी. त्याने कोड दुरुस्त केला, एका नमुना ॲपच्या लॉगिन आणि पेमेंटच्या टेस्ट नव्याने लिहिल्या आणि ब्रेकच्या नोंदीखाली एक ओळ टाकली: "एप्रिल – जून २०२५: सेलेनियम ४ वर सराव प्रकल्प, कोड उपलब्ध." प्रमाणपत्रांच्या लांब यादीपेक्षा ही तारखेसह दिलेली ओळ जास्त सांगते, कारण ती उघडून तपासता येते.

एवढं करूनही काही ठिकाणी दार उघडणार नाही. जिथे ठरावीक महिन्यांपेक्षा मोठा गॅप असलेले अर्ज आधीच बाजूला काढले जातात, तिथे शब्द बदलून काही होत नाही. तिथे जुन्या सहकाऱ्यामार्फत सीव्ही थेट टीमच्या मॅनेजरपर्यंत पोचवावा.