घाटमाथ्यावर शंभर टक्के चार्ज करू नका: इलेक्ट्रिक गाडी शिकणाऱ्यांसाठी

लर्निंग लायसन्स हातात आहे, सिग्नल-खुणा पाठ आहेत, आणि घरात आलेली गाडी इलेक्ट्रिक आहे, अशांसाठी हे लिहितो आहोत. क्लच नाही, गिअर नाही, म्हणजे शिकायला सोपी, असं सगळे सांगतात आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे. पण एक गोष्ट थिअरीत दोन ओळींत उरकली जाते आणि नेमकी तीच उतारावर नवख्याला पकडते. गाडी स्वतःहून धरेल अशा भरवशावर पाय उचलायचा आणि गाडी धरतच नाही.

पाय उचलला की मोटर उलटं काम करायला लागते. चाकं मोटरला फिरवतात, मोटर वीज तयार करते, ती बॅटरीत जाते आणि गाडी मंदावते. हे रीजनरेटिव्ह ब्रेकिंग, बोलीभाषेत रीजेन. त्याची पातळी बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगमागच्या पॅडलने, बटणाने किंवा स्क्रीनवरून कमी-जास्त करता येते. इथवर सगळ्यांना माहीत असतं. विसरलं जातं ते एवढंच की ही वीज कुठेतरी ठेवायला लागते. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर ठेवायला जागा नाही. सेलचा व्होल्टेज वरच्या मर्यादेला पोचलेला असतो आणि त्यात जोरात करंट ढकलला तर सेल खराब होतात. म्हणून बॅटरीचं कंट्रोल युनिट रीजेन बंद करतं किंवा अगदी नावापुरतं ठेवतं. हा बिघाड नाही. गाडी स्वतःला वाचवत असते.

आता हेच पुण्याच्या रस्त्यावर मांडून बघा. रविवारी सकाळी पुण्याहून निघालात, लोणावळ्यात नाश्ता केला, तोवर गाडी फास्ट चार्जरला लावून ठेवली. मुंबईपर्यंत चिंता नको म्हणून शंभर टक्के होऊ दिली आणि जुन्या हायवेने खंडाळ्यातून खोपोलीकडे उतरायला लागलात. लोणावळा समुद्रसपाटीपासून साधारण 620 मीटरवर आहे, खोपोली 60-70 मीटरवर. म्हणजे पंधराएक किलोमीटरमध्ये गाडी 550 मीटर खाली येते. माणसं आणि सामानासह गाडी 1700 किलोची धरली तर या उतरणीत सुटणारी ऊर्जा साधारण अडीच युनिट होते. त्यातलं एक युनिट टायरचं घर्षण आणि हवेचा विरोध खातो. उरलं दीड युनिट. बॅटरीत जागा असेल तर त्यातलं एक युनिट तरी परत मिळतं. जागा नसेल तर दीडच्या दीड युनिट तुमच्या ब्रेक डिस्कमध्ये उष्णता म्हणून जातं. दोन किलोवॉटचा गीझर पाऊण तास चालू ठेवला तर जेवढी उष्णता होते तेवढी, चार चाकांत, वीस-बावीस मिनिटांत.

सुस्थितीतले ब्रेक हे सोसतात, तेव्हा घाबरून घाट टाळायची गरज नाही. पण पायाला रीजेनची सवय झालेला माणूस ब्रेक पेडल उशिरा शोधतो, आणि एकदा सापडलं की सोडत नाही. पेडलवर सतत हलका पाय ठेवून उतरणं हे सगळ्यात वाईट, कारण पॅड आणि डिस्क यांना थंड व्हायला क्षणच मिळत नाही. आधी जळका वास येतो. मग तेवढ्याच वेगाला थांबायला पेडल जास्त दाबावं लागतं, कधी ते नरमही लागतं. वास आला की पुढच्या सुरक्षित, सपाट जागेवर थांबा आणि डिस्क आपोआप गार होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकडी होऊ शकते.

पेट्रोल गाडीत ड्रायव्हिंग स्कूलचे सर सांगतात, उतारावर दुसरा गिअर टाका. इलेक्ट्रिक गाडीला बहुधा एकच गिअर असतो, त्यामुळे ती युक्ती इथे नाही. रीजेन मिळत नसेल तर आधीच वेग कमी ठेवायचा, ब्रेक ठामपणे दाबून 45 चा 30 करायचा आणि पाय पूर्ण उचलायचा. वेग पुन्हा चढला की पुन्हा तसंच. न्यूट्रलमध्ये टाकून उतरणं तर कधीच नाही, तिथे उरलंसुरलं रीजेनही जातं.

हे आधी ओळखायचं कसं? डॅशबोर्डवर पॉवर मीटर असतो. त्याची एक बाजू खर्चाची, दुसरी चार्जची. रीजेन मर्यादित असेल तर चार्जची बाजू फिकट दिसते, किंवा पाय उचलूनही काटा तिकडे हलत नाही, काही गाड्या तसा संदेशही देतात. काही गाड्या रीजेन कमी पडलं की स्वतःच साधे ब्रेक मिसळतात, मग पायाला फरकच कळत नाही, पण डिस्क तापायच्या त्या तापतातच. आपली गाडी यातली कोणती, हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. गाडी देताना शोरूममध्ये दहा मिनिटांत जे सांगतात त्यात हे येत नाही, आणि व्हिडिओ बघून शिकवणारेही इथे घाई करतात. मॅन्युअलचं ते एक पान वाचाच. घरच्या घरी तपासायचं असेल तर रात्री पूर्ण चार्ज करून सकाळी चांदणी चौकाकडून कोथरूडच्या बाजूला उतरा, आणि त्याच उतारावर दुसऱ्या दिवशी ऐंशी टक्क्यांवर उतरा. एकदा पायाला फरक कळला की तो विसरत नाही.

मग किती भरायची? हिशेबाने 40 युनिटच्या बॅटरीत एका युनिटला अडीच टक्के जागा पुरते. पण बऱ्याच गाड्यांत रीजेन शंभराच्या थोडं आधीपासूनच कमी होत जातं, म्हणून घाटमाथ्यावर नव्वदच्या वर जाऊ नका, ऐंशीला थांबलात तर उत्तम. काही जण सांगतात, एसी जोरात लावा, जागा होईल. एसी दीड किलोवॉट घेतो असं धरलं तरी वीस मिनिटांत अर्धं युनिट. थोडी मदत होते, पण सुरुवातीच्या तीव्र वळणांवर ती पोचत नाही. असल्या शॉर्टकटवर घाट उतरू नका. एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी असेल आणि कंपनीने अधूनमधून शंभर टक्के करायला सांगितलं असेल तर ते जरूर करा, पण घरी, रात्री, दुसऱ्या दिवशी शहरातच फिरायचं असेल तेव्हा.

चार्जिंगच्या शिष्टाचाराचं मूळही इथेच सापडतं. बॅटरी भरत आली की ती करंट कमी घेते. तीस किलोवॉटच्या चार्जरवर 40 युनिटची गाडी वीसवरून ऐंशी टक्क्यांवर यायला साधारण पन्नास मिनिटं लागतात, पण शेवटचे वीस टक्के जवळजवळ तेवढाच वेळ खाऊ शकतात. लोणावळ्याहून मुंबई ऐंशी-नव्वद किलोमीटर. ऐंशी टक्के म्हणजे 32 युनिट, युनिटला सहा किलोमीटर धरले तरी 190 किलोमीटर. म्हणजे त्या शेवटच्या वीस टक्क्यांनी तुम्हाला काही मिळत नाही, मागे उभा असलेला मात्र पाऊण तास थांबतो आणि तुमचं रीजेनही जातं. ऐंशीला थांबवा, आधी ॲपवरून सेशन बंद करा, मग गन, म्हणजे केबलच्या टोकाचा प्लग, काढा. सेशन चालू असताना ती गाडीत लॉक असते, ओढाताण केली तर लॉकची पिन तुटते. केबल गुंडाळून होल्डरवर लावा, कारण जमिनीवर पडलेल्या गनवरून पुढची गाडी गेली की ते मशिन बंद पडतं आणि दुरुस्ती होईपर्यंत सगळ्यांची पंचाईत होते. दुसऱ्याची गन त्याला न विचारता काढू नका. स्वतः जेवायला जाणार असाल तर काचेमागे फोन नंबर लिहून ठेवा.

आता आवाज. पेठांमधला पादचारी कानाने रस्ता ओलांडतो. तुळशीबागेत, लक्ष्मी रोडवर मागून इंजिन ऐकू आलं की तो बाजूला होतो, नाही आलं की तिरका चालत राहतो. साधारण वीस-तीसच्या वर टायरचा आवाज ऐकू येतो, खरा धोका त्याखालच्या वेगाला आणि रिव्हर्सला आहे. म्हणूनच संयुक्त राष्ट्रांच्या नियम 138 मध्ये वीस किलोमीटर वेगापर्यंत आणि मागे जाताना कृत्रिम आवाजाची तरतूद आहे, युरोपात जुलै 2021 पासून तो नव्या गाड्यांना सक्तीचा आहे, आणि आपल्याकडे केंद्राने 2025 मध्ये तसा मसुदा काढला. तुमच्या गाडीत तो आवाज असेल तरी रिक्षा आणि बसच्या गोंगाटात तो ऐकू जाईल असं धरू नका.

हॉर्न हा त्यावरचा उपाय नाही. अगदी जवळ जाऊन वाजवला तर माणूस दचकतो आणि नेमका चुकीच्या बाजूला उडी मारतो. लांबूनच, एकदाच, हलका द्या, आणि खरा भरवसा वेगावर ठेवा. पंधराच्या वेगाला एक सेकंद प्रतिक्रियेचा धरून गाडी साधारण सहा मीटरमध्ये थांबते, पंचवीसला अकरा मीटर लागतात. गर्दीच्या बोळात तुमच्यापुढे सहा मीटरही मोकळे नसतात, तिथे चालण्याच्या वेगानेच जायचं. पांढरी काठी दिसली की थांबा. त्या माणसाला तुम्ही आहात हे कळण्याचा मार्गच नाही, तो पूर्ण पार होईपर्यंत गाडी हलवू नका.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणखी एक. गाडी चालू आहे हे सांगणारं इंजिन नाही, फक्त डॅशबोर्डवरचा रेडीचा दिवा. लिफ्टजवळ कुणाला सोडायला उतरलात आणि गाडी ड्राइव्हमध्येच राहिली, तर आत खेळणाऱ्या मुलाचा पाय पेडलवर पडला की ती निघते. काही गाड्या दार उघडल्यावर स्वतः पार्कमध्ये जातात, सगळ्या नाही. त्यामुळे क्रम एकच ठेवा: पार्क, हँडब्रेक, बटण बंद, दिवा गेला का बघणं, मग दार.

रीजेनबद्दल राहिलेलं एक, कारण पुण्यात मागे नेहमी दुचाकी चिकटलेली असते. हलक्या रीजेनवर गाडी मंदावते पण मागचे ब्रेक दिवे लागतातच असं नाही. युरोपात वापरल्या जाणाऱ्या नियम 13-एच नुसार मंदावणं सेकंदाला 1.3 मीटर प्रति सेकंदाच्या वर गेलं की दिवे लागलेच पाहिजेत, 0.7 पर्यंत लागता कामा नयेत, मधल्या भागात ते कंपनीवर आहे. तुमच्या गाडीचे कधी लागतात हे संध्याकाळी भिंतीपुढच्या रिकाम्या जागेत, मागे कुणाला तरी बाजूला उभं करून तपासून घ्या. सिग्नलला येताना शंका वाटली तर ब्रेक पेडलला हलका स्पर्श करा, दिवा लागतो आणि मागच्याला कळतं. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर पातळी एक पायरी कमी ठेवा, कारण रीजेन फक्त मोटर जोडलेल्या चाकांवर लागतं आणि ती घसरू शकतात. आणि रीजेनमुळे ब्रेक कमी वापरले जातात, त्यामुळे पावसात गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की डिस्कवर गंज चढतो. निघाल्यावर मागे कुणी नाही हे बघून तीन-चार वेळा चांगला दाबून ब्रेक लावा. खरखर थांबली की डिस्क साफ झाली. थांबलीच नाही तर गाडी घाटात न नेता आधी पॅड बघून घ्या.